घटक ७ : एका गावातून किती कुटुंबे निवडावीत?

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील.

• एकाच गावातील अनेक कुटुंबांना विचारल्याने मिळणारी माहिती अपेक्षेपेक्षा कमी का भरते, हे सांगता येईल.
• गावापर्यंत पोहोचण्याचा खर्च आणि गावातील साम्य ज्ञात असताना प्रत्येक गावातून किती कुटुंबे घ्यावीत, हे काढता येईल.
• आलेली संख्या प्रत्यक्ष पाहणीत कोठे व का बदलावी लागते, हे ओळखता येईल.

७.२ प्रस्तावना

बोलीभाषेचा किंवा वाचनसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास पाहणी करावी लागते. जळगाव जिल्ह्यात पंधरा आणि धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत. दोन्ही जिल्ह्यांतील सर्व कुटुंबांची एकच यादी हाती घेऊन त्यातून चिठ्ठ्या उचलल्याप्रमाणे पाचशे कुटुंबे निवडली, तर एक कुटुंब साक्रीच्या पश्चिमेस, दुसरे मुक्ताईनगरला आणि तिसरे चाळीसगावच्या एखाद्या तांड्यावर, अशी स्थिती होईल. एका कुटुंबासाठी एक प्रवास करणे कोणासही परवडणारे नाही. म्हणून आधी काही गावे निवडावयाची आणि मग त्या प्रत्येक गावातून काही कुटुंबे निवडावयाची, अशी दोन टप्प्यांची पद्धत वापरतात. येथे प्रत्येक निवडलेले गाव म्हणजे एक समूह होय.

ही पद्धत स्वीकारताच एक निर्णय घ्यावा लागतो. थोड्या गावांत जाऊन प्रत्येक गावातून पुष्कळ कुटुंबे घ्यावयाची, की पुष्कळ गावांत जाऊन प्रत्येकातून थोडी घ्यावयाची? आपल्या देशातील मोठ्या पाहण्यांनी याची निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) प्रत्येक समूहातून २२ कुटुंबे निवडण्यात आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत सुरुवातीच्या वर्षांत ही संख्या ८ होती, तर २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत ती १८ होती. विषय बदलला, खर्च बदलला की संख्याही बदलते. ती कशी ठरते, हे या घटकात पाहावयाचे आहे.

७.३ गावातील साम्य

समजा, आपला प्रश्न असा आहे : ‘आपल्या घरात गेल्या आठवड्यात कोणी मराठी वर्तमानपत्र वाचले का?’ ज्या गावात सकाळच्या एस.टी. बरोबर अंक येतात, तेथे अनेक घरांतून ‘होय’ असे उत्तर मिळेल. जेथे अंक येतच नाहीत, तेथे बहुतेक घरे ‘नाही’ म्हणतील. म्हणजे एका गावातील उत्तरे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात. पहिल्या पाच घरांची उत्तरे ऐकल्यावर सहाव्या घराचे उत्तर आपणास काही अंशी आधीच कळलेले असते. त्या प्रमाणात सहाव्या मुलाखतीतून मिळणारी नवी माहिती कमी होते.

या साम्याचे माप म्हणजे समूहांतर्गत सहसंबंध. तो ρ या ग्रीक अक्षराने दर्शवितात आणि त्याचा उच्चार ‘ऱ्हो’ असा करतात. गावातील सर्व कुटुंबांचे उत्तर एकच असेल, तर ρ ची किंमत १ असते. गावामुळे उत्तरात काहीच फरक पडत नसेल, तर ती ० असते. एकूण कुटुंबांपैकी निम्मी ‘होय’ म्हणणारी आहेत असे धरल्यास हे माप सहज समजते. कोणत्याही दोन कुटुंबांचे उत्तर केवळ योगायोगाने जुळण्याची शक्यता अशा वेळी ५० टक्के असते. ρ = ०.१ असेल, तर एकाच गावातील दोन कुटुंबांची उत्तरे जुळण्याची शक्यता ५५ टक्के होते. ρ = ०.५ असेल, तर ती ७५ टक्के होते.

खानदेशात भाषेच्या प्रश्नांना ही दुसरी स्थिती लागू पडण्यासारखी आहे. धुळे तालुक्यातील किंवा अमळनेरकडील एखाद्या गावात घरोघर अहिराणी ऐकू येते. यावल-रावेर भागात लेवा गणबोलीची गावे आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारे पाडे आहेत आणि तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. घरातील बोली पुष्कळदा गावाबरोबर किंवा वस्तीबरोबर ठरते. म्हणून ‘घरात अहिराणी बोलली जाते का?’ या प्रश्नाचा ρ वर्तमानपत्राच्या प्रश्नाच्या ρ पेक्षा पुष्कळ मोठा असणार.

प्रत्येक गावातून m कुटुंबे घेतली, तर साम्यामुळे अंदाजाचे प्रचरण, म्हणजेच अंदाजातील अनिश्चिततेचे माप, पुढील पटीने वाढते.

आराखडा-परिणाम = १ + (m − १) ρ

एकूण कुटुंबांच्या संख्येस या आकड्याने भागले की जी संख्या येते, तिला आपण ‘तुल्य नमुना’ म्हणू. गावांचा विचार न करता सर्व कुटुंबांतून थेट यादृच्छिक पद्धतीने किती कुटुंबे निवडली असती तर इतकीच माहिती मिळाली असती, हे ती संख्या सांगते. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा किती जाड आहे, यापेक्षा तुल्य नमुना किती आहे, याकडे आपले लक्ष असावयास हवे.

७.४ खर्चाचे दोन भाग

आता खर्चाकडे वळू. पाहणीचा काही खर्च गावागणिक होतो आणि काही कुटुंबागणिक होतो. गावापर्यंत वाहनाने जाणे-येणे, ग्रामपंचायतीत जाऊन परवानगी घेणे, घरांची यादी तयार करणे आणि मुक्काम हा सर्व खर्च गावात गेल्यामुळे होतो. तेथे चार मुलाखती घेतल्या काय किंवा बारा घेतल्या काय, तो तेवढाच राहतो. या खर्चास c₁ म्हणू. मुलाखतीचे मानधन, प्रश्नावलीची तपासणी आणि ती संगणकावर भरणे हा खर्च प्रत्येक कुटुंबामागे वाढतो. त्यास c₂ म्हणू.

प्रश्नावलीची छपाई सुरू करण्याचा खर्च, मुलाखतकारांचे प्रशिक्षण, कार्यालयाचे भाडे असे खर्च या दोहोंपैकी कशातच धरू नयेत. गावे कितीही असली तरी ते होणारच. ते एकूण निधीतून आधीच वजा करावेत आणि उरलेल्या निधीचाच विचार करावा. अशा उरलेल्या निधीला C म्हणू. n गावे निवडली, तर

C = n (c₁ + m c₂)

हे समीकरण आपल्यापुढील पेच स्पष्ट करते. m वाढविला की एका गावाचा खर्च वाढतो आणि त्याच निधीत बसणाऱ्या गावांची संख्या n कमी होते. m कमी केला की गावे वाढतात, परंतु निधीचा मोठा भाग प्रवासात आणि घरयाद्यांत जातो.

७.५ सूत्र कसे येते?

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागील युक्तिवाद समजून घेणे अधिक सोपे आहे. अंदाजाचे प्रचरण हे आराखडा-परिणामाच्या सम प्रमाणात आणि एकूण कुटुंबांच्या, म्हणजे nm च्या, व्यस्त प्रमाणात असते. खर्चाच्या समीकरणावरून n ची किंमत त्यात घातली, तर निधी ठरलेला असताना पुढील राशी लहानात लहान करावयाची आहे, असे दिसते.

(c₁ + m c₂) × [(१ − ρ) + mρ] ÷ m

कंस सोडवून गुणाकार केल्यास चार पदे मिळतात.

c₁(१ − ρ) ÷ m, c₁ρ, c₂(१ − ρ) आणि m c₂ρ

यांपैकी मधल्या दोन पदांत m नाही. m कितीही घेतला तरी ती बदलत नाहीत, म्हणून त्यांना बाजूस ठेवू. पहिले पद m वाढला की कमी होते. प्रवासाचा खर्च अधिक कुटुंबांत वाटला जातो, हे त्यातून दिसते. शेवटचे पद m वाढला की वाढते. त्याच गावातील आणखी एका कुटुंबावर खर्च करूनही जुनीच माहिती पुन्हा मिळते, हे त्यातून दिसते.

या दोन पदांचा गुणाकार केल्यास m नाहीसा होतो, म्हणजे त्यांचा गुणाकार स्थिर आहे. ज्या दोन धन संख्यांचा गुणाकार स्थिर असतो, त्यांची बेरीज त्या समान असताना सर्वांत लहान असते. आयताचे क्षेत्रफळ ठरलेले असेल तर चौरसाची परिमिती सर्वांत कमी असते, हे शालेय भूमितीतील तत्त्व आपणास आठवत असेल. येथे तेच तत्त्व लागू पडते. म्हणून दोन्ही पदे समान मांडू.

c₁(१ − ρ) ÷ m = m c₂ρ

यावरून

m = √[ (c₁ ÷ c₂) × (१ − ρ) ÷ ρ ]

या सूत्रात एकूण निधी C कोठेही येत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. निधी दुप्पट झाला, तर गावे दुप्पट करावीत. प्रत्येक गावातील कुटुंबांची संख्या तीच राहते. तसेच सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे प्रवासखर्च चौपट झाला, तरी m केवळ दुप्पट होतो.

खर्च आणि अचूकता यांचा असा एकत्र हिशेब मांडण्याची परंपरा भारतात जुनी आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाच्या पाहण्यांत खर्चाचे फलन आणि प्रचरणाचे फलन शेजारी ठेवून नमुन्याचा आराखडा ठरविला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी कृषिपाहण्यांच्या अनुभवावर आधारलेला नमुना सिद्धांतावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध केला.

७.६ उदाहरण : जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाचन पाहणी

पुढील रकमा आणि ρ च्या किमती उदाहरणासाठी गृहीत धरल्या आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात वर्तमानपत्र वाचनाची पाहणी करावयाची आहे. स्थिर खर्च वजा जाता निधी रु. ३,३६,००० आहे. एका गावामागे वाहनाचे रु. २,०००, घरयादी करणाऱ्या दोघांचे एका दिवसाचे रु. १,६०० आणि मुक्काम-भोजनाचे रु. १,२०० होतात. म्हणून c₁ = रु. ४,८००. एका कुटुंबामागे मुलाखतीचे रु. २०० आणि तपासणी व नोंदणीचे रु. १०० होतात. म्हणून c₂ = रु. ३००. पूर्वीच्या पाहणीवरून ρ = ०.१ असे ज्ञात आहे.

c₁ ÷ c₂ = ४,८०० ÷ ३०० = १६
(१ − ρ) ÷ ρ = ०.९ ÷ ०.१ = ९
m = √(१६ × ९) = √१४४ = १२

म्हणजे प्रत्येक गावातून १२ कुटुंबे घ्यावीत. एका गावाचा खर्च ४,८०० + १२ × ३०० = रु. ८,४०० होतो आणि निधीत बरोबर ४० गावे बसतात. गावांची निवड त्यांतील कुटुंबसंख्येच्या प्रमाणात करावी. मोठ्या गावास निवडले जाण्याची संधी अधिक आणि त्यातून कुटुंबे मात्र १२ च, असे केल्याने लहान-मोठ्या सर्व गावांतील प्रत्येक कुटुंबास सारखीच संधी मिळते.

त्याच निधीत m च्या निरनिराळ्या किमती घेतल्यास काय होते, ते पुढील तक्त्यात पाहा.

| प्रत्येक गावातील कुटुंबे (m) | गावे (n) | एकूण कुटुंबे | आराखडा-परिणाम | तुल्य नमुना |
|---|---|---|---|---|
| ४ | ५६ | २२४ | १.३ | १७२ |
| १२ | ४० | ४८० | २.१ | २२९ |
| १६ | ३५ | ५६० | २.५ | २२४ |
| २४ | २८ | ६७२ | ३.३ | २०४ |
| ४० | २० | ८०० | ४.९ | १६३ |

तक्त्यातील शेवटची ओळ विशेष काळजीपूर्वक वाचावी. वीस गावांतून ८०० कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, हे अहवालात भारदस्त दिसते. प्रत्यक्षात त्या ८०० प्रश्नावल्यांत १६३ स्वतंत्र कुटुंबांइतकीच माहिती आहे. ४० गावांतील ४८० प्रश्नावल्यांत मात्र २२९ कुटुंबांइतकी आहे. खर्च दोन्हींचा सारखाच. टक्केवारी ५० च्या आसपास असेल, तर पहिल्या आराखड्यात अंदाज साडेसात ते आठ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, तर दुसऱ्यात सुमारे साडेसहा टक्क्यांनी.

दुसरी गोष्ट अशी की १२ आणि १६ या ओळींत फारसा फरक नाही. सर्वोत्तम बिंदूच्या आसपास वक्र सपाट असतो. म्हणून सूत्रातून १०.७ किंवा १३.२ असे उत्तर आले, तर दशांशासाठी वाद घालण्याचे कारण नाही. सोयीची पूर्ण संख्या घ्यावी. दूर गेल्यावर मात्र नुकसान वेगाने वाढते.

७.७ एका प्रश्नावलीत दोन प्रश्न असतील तर

याच पाहणीत ‘घरात अहिराणी बोलली जाते का?’ हा प्रश्नही घातला आणि त्याचा ρ ०.५ आहे असे धरले, तर

m = √(१६ × १) = ४

एकाच पाहणीत एका प्रश्नाला १२ कुटुंबे हवी आहेत आणि दुसऱ्याला ४. बारा घेतली, तर बोलीच्या प्रश्नाचा आराखडा-परिणाम ६.५ होतो आणि ४८० कुटुंबांचा तुल्य नमुना अवघा ७४ उरतो. चार घेतली, तर तो ९० होतो, परंतु वाचनाच्या प्रश्नाचा तुल्य नमुना २२९ वरून १७२ वर येतो.

येथे वक्राचा सपाटपणा उपयोगी पडतो. m = ८ घेतल्यास निधीत ४६ गावे बसतात आणि कुटुंबे ३६८ होतात. वाचनाच्या प्रश्नाचा तुल्य नमुना ३६८ ÷ १.७ = २१६ आणि बोलीच्या प्रश्नाचा ३६८ ÷ ४.५ = ८२ येतो. दोन्ही प्रश्नांत प्रत्येकी सर्वोत्तम किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून कमी तोटा होतो. मात्र पाहणीचा मुख्य हेतू बोलीचा नकाशा काढणे हाच असेल, तर तडजोड न करता गावे वाढवावीत आणि प्रत्येक गावातील कुटुंबे कमी करावीत. जे गावाबरोबर बदलते, त्याचा शोध अधिक गावांतच लागतो.

७.८ प्रवासखर्च मोजताना

सूत्रात c₁ ही एकच संख्या आहे. प्रत्यक्षात ती ठरविताना तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा दिवसांचा आहे. घरयादी झाल्यावर दोन मुलाखतकार प्रत्येकी सहा, म्हणजे एका दिवसात बारा कुटुंबे पूर्ण करतात, असे धरा. तेरावे कुटुंब घेताच आणखी एक मुक्काम वाढतो. खर्च सूत्रात धरल्याप्रमाणे हळूहळू न वाढता पायरीसारखा उडी घेतो. m = १६ साठी मुक्काम-भोजनाचे आणखी रु. १,२०० धरले, तर एका गावाचा खर्च रु. १०,८०० होतो, निधीत ३१ गावेच बसतात आणि तुल्य नमुना २२४ ऐवजी १९८ होतो. म्हणून सूत्राचे उत्तर काढल्यावर ‘इतकी कुटुंबे किती दिवसांत होतील?’ हे विचारावे आणि पूर्ण दिवसात बसणारी जवळची संख्या घ्यावी.

दुसरा घोटाळा प्रवासाच्या मार्गाचा आहे. जळगावहून प्रत्येक गावास जाऊन परत येत असाल, तर गावे दुप्पट झाल्यावर प्रवासही दुप्पट होतो. परंतु एका गावाहून थेट पुढच्या गावास जात असाल, तर गावे वाढल्याने त्यांच्यातील अंतर कमी होते. ठरावीक क्षेत्रात विखुरलेल्या n गावांतून जाणाऱ्या मार्गाची लांबी सुमारे n च्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. महालनोबीस यांच्या खर्चविचारातही ही गोष्ट आलेली आहे. अशा वेळी आणखी एक गाव वाढविल्याने होणारा जादा प्रवासखर्च हा प्रत्येक गावामागील सरासरी प्रवासखर्चाच्या निम्मा असतो आणि सूत्रात हा जादा खर्चच घालावयाचा असतो. आपल्या उदाहरणात वाहनाच्या रु. २,००० ऐवजी रु. १,००० धरल्यास c₁ = रु. ३,८०० होते आणि m सुमारे ११ येतो.

तिसरा घोटाळा सरासरीचा आहे. तापीकाठच्या सपाट प्रदेशातील गावे आणि शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील सातपुड्यातले पाडे यांना एकच c₁ लावणे योग्य नाही. पाड्यांसाठी c₁ = रु. १०,८०० आणि ρ तोच ०.१ असेल, तर m = √(३६ × ९) = १८ येतो. दोन्ही भाग वेगळे स्तर मानून प्रत्येकासाठी वेगळा m घ्यावा आणि विश्लेषणात प्रत्येक कुटुंबास त्याच्या निवडीच्या संधीनुसार भार द्यावा. भार न दिल्यास एका भागाचे मत प्रमाणाबाहेर मोठे होते. पाड्यावर अठरा कुटुंबे मिळणेच कठीण असेल, तर त्यास शेजारच्या पाड्याशी आधीच जोडून एक समूह करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही चाळीसहून कमी कुटुंबांची गावे अशीच जवळच्या गावास जोडली जातात.

७.९ ρ ची किंमत वापरताना

ρ ज्ञात आहे असे आपण धरले. ती किंमत बहुधा पूर्वीच्या पाहणीच्या अहवालातून मिळते. अनेक अहवालांच्या परिशिष्टात आराखडा-परिणाम किंवा त्याचे वर्गमूळ दिलेले असते. वर्गमूळ १.५ दिले असेल, तर आराखडा-परिणाम २.२५ होतो. त्या पाहणीत प्रत्येक समूहात २२ उत्तरे असतील, तर

ρ = (२.२५ − १) ÷ (२२ − १) = १.२५ ÷ २१ = ०.०६

येथे भाजकात कुटुंबे नव्हेत, तर त्या प्रश्नाची प्रत्यक्ष उत्तरे मोजावीत. प्रश्न केवळ पाच वर्षांखालील मुलांविषयी असेल, तर २२ कुटुंबांतून थोडीच उत्तरे मिळतात आणि २२ ने हिशेब केल्यास ρ खोटा लहान दिसतो. तसेच संपूर्ण देशासाठी काढलेल्या ρ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतील फरकही मिसळलेला असू शकतो. दोनच जिल्ह्यांच्या पाहणीत तो फरक बराच नाहीसा होतो आणि ρ कमी असू शकतो.

ρ चा अंदाज चुकला तर काय होते? समजा, आपण ०.०५ धरला आणि खरी किंमत ०.१ निघाली. सूत्रावरून m = १७ आला, म्हणून ३४ गावांतून ५७८ कुटुंबे घेतली. खर्च ठरलेल्या निधीपेक्षा केवळ रु. ६०० अधिक होतो. खरा तुल्य नमुना ५७८ ÷ २.६ = २२२ येतो. सर्वोत्तम २२९ च्या तुलनेत हे नुकसान किरकोळ आहे. परंतु प्रस्तावात आपण ५७८ ÷ १.८ = ३२१ असा तुल्य नमुना लिहिलेला असेल. म्हणजे m च्या निवडीत फारशी चूक झाली नाही, अचूकतेचे आश्वासन मात्र खोटे ठरले. म्हणून m ठरविताना ρ चा साधारण अंदाज चालतो. किती गावे लागतील हे सांगताना मात्र ρ थोडा मोठा धरणे सुरक्षित असते. पाहणी संपल्यावर हाती आलेल्या उत्तरांवरून आराखडा-परिणाम पुन्हा काढून अहवालात द्यावा.

शेवटी क्षेत्रकार्यातील एक दक्षता. ρ ची किंमत संपूर्ण गावात विखुरलेल्या कुटुंबांसाठी असते. मुलाखतकाराने सोयीसाठी एकाच गल्लीतील सलग बारा घरे घेतली, तर ती कुटुंबे पुष्कळदा एकाच समाजाची, एकमेकांच्या नात्यातील असतात आणि खरे साम्य सूत्रात घातलेल्या ρ पेक्षा खूप अधिक होते. प्रश्नावल्यांवरील घरक्रमांक पाहिल्यास हे लगेच लक्षात येते. ते ओळीने एकापुढे एक असतील, तर घरयादी वापरलेली नाही असे समजावे. २४० घरांच्या गावात बारा कुटुंबे हवी असतील, तर १ ते २० मधून चिठ्ठीने एक क्रमांक काढून त्यापुढे प्रत्येक विसावे घर घ्यावे. म्हणजे मुख्य गावठाण, मळे आणि गावाबाहेरची वस्ती या सर्वांना वाटा मिळतो.

७.१० सारांश

एकाच गावातील कुटुंबांची उत्तरे काही अंशी सारखी असतात, म्हणून प्रत्येक अधिक कुटुंबाबरोबर नवी माहिती घटत जाते. दुसरीकडे प्रत्येक नव्या गावासाठी प्रवास, घरयादी आणि मुक्काम यांचा खर्च करावा लागतो. या दोहोंचा समतोल m = √[(c₁ ÷ c₂) × (१ − ρ) ÷ ρ] या सूत्राने साधतो. एकूण निधीवर m अवलंबून नसतो. निधीनुसार गावांची संख्या बदलते. सूत्राच्या उत्तराजवळची कोणतीही संख्या चालते, परंतु ती पूर्ण दिवसांच्या कामात बसणारी असावी.

७.११ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. एका गावाचा खर्च रु. ७,५००, एका कुटुंबाचा रु. ३०० आणि ρ = ०.२ असल्यास m काढा.
२. ३० गावांतून प्रत्येकी २० कुटुंबे निवडली असून ρ = ०.०५ आहे. आराखडा-परिणाम व तुल्य नमुना काढा.
३. प्रश्न १ मधील पाहणीचा निधी दुप्पट झाला, तर m व n यांत काय बदल होईल? कारण द्या.

उत्तरे

१. √(२५ × ४) = १० कुटुंबे.
२. आराखडा-परिणाम १ + १९ × ०.०५ = १.९५, तुल्य नमुना ६०० ÷ १.९५ = सुमारे ३०८.
३. m बदलणार नाही, कारण सूत्रात निधी येत नाही; n दुप्पट होईल.